नाव कायमचं, थीम वर्षाची

ऑगस्ट उजाडला की इंजिनिअरिंग कॉलेजांमध्ये नवी कोअर कमिटी बसते आणि पहिल्याच बैठकीत विषय निघतो, यंदा टेक फेस्टचं नाव काय ठेवायचं? रात्रीपर्यंत व्हॉट्सॲप ग्रुपवर नावांचा ढीग पडतो. कुणी ‘टेक’ला काहीतरी शेपूट जोडलेलं असतं, कुणी शेवटी ‘एक्स’ लावून पाहिलेला असतो, कुणी संस्कृत शब्दकोश उघडून बसलेलं असतं. मुलं मनापासून भिडलेली असतात, पण चर्चा तासन्‌तास पुढे सरकत नाही. कारण त्या एका प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात. उत्सवाचं नाव काय, हा एक. आणि या वर्षाची थीम काय, हा दुसरा.

नाव एकदाच ठेवायचं असतं. ते प्रमाणपत्रांवर छापलं जातं, माजी विद्यार्थ्यांच्या बायोडेटात उतरतं, प्रायोजकाच्या फायलीत मागच्या वर्षीच्या पत्राशेजारी बसतं. प्रायोजक मिळवायला गेलेल्या मुलाला ‘गेल्या वर्षी आपणच बक्षिसं दिली होती’ एवढं एक वाक्य बोलता यावं लागतं, आणि नाव दरवर्षी बदललं तर नेमकं तेच वाक्य खोटं वाटू लागतं. थीमचं काम वेगळं. ती त्या वर्षापुरती पोस्टर, कमान, टी-शर्ट, स्पर्धांचा सूर आणि पाहुण्यांच्या व्याख्यानांचे विषय ठरवते आणि वर्ष सरलं की बाजूला होते. म्हणून माझं सांगणं असं, की नावात स्पष्टपणा ठेवावा आणि गंमत थीममध्ये करावी. उलटं केलं तर दोन्ही बिघडतात. गमतीदार नावाची गंमत तिसऱ्या वर्षी शिळी होते, आणि सरळसोट थीमकडे कुणी वळून पाहत नाही.

नावं कशी टिकतात, ते देशातल्या जुन्या टेक फेस्टकडे पाहून कळतं. मुंबईच्या आयआयटीत १९९८ साली सुरू झालेल्या उत्सवाचं नाव ‘टेकफेस्ट’. याहून साधं नाव शोधून सापडणार नाही. ते जातीचंच नाव आहे, व्यक्तीचं नव्हे. पण लवकर आलेल्याला आणि मोठ्या झालेल्याला असं नाव शोभतं. इतरांनी ‘टेक’ला काहीतरी जोडलं. कानपूरच्या आयआयटीनं ‘टेककृती’ केलं, माटुंग्याच्या व्हीजेटीआयनं ‘टेक्नोवान्झा’. दुसरा रस्ता भारतीय शब्दांचा. मद्रास आयआयटीचं ‘शास्त्र’, खरगपूरचं ‘क्षितिज’. तिसरा रस्ता विज्ञानातल्या संज्ञेचा. बिट्सच्या गोव्यातल्या कॅम्पसनं ‘क्वार्क’ हे मूलकणाचं नाव उचललं, तर पिलानीच्या कॅम्पसचं ‘ॲपोजी’ म्हणजे कक्षेतला पृथ्वीपासून सर्वांत लांबचा बिंदू. ‘ॲपोजी’त आणखी एक कारागिरी आहे. इंग्रजीत ते एका लांबलचक वर्णनाच्या आद्याक्षरांतून जुळवलेलं आहे. ते वर्णन फार थोड्यांना पाठ असेल, पण त्यानं काही अडत नाही, कारण ते ठाऊक नसतानाही शब्द आपल्या पायावर उभा राहतो. आद्याक्षरांच्या नावाची खरी परीक्षा हीच. फोड विसरली गेल्यावरही शब्द उरला पाहिजे.

माझ्या मते यातलं सर्वांत हुशार नाव वेल्लोरच्या व्हीआयटीचं आहे. graVITas. गांभीर्य किंवा वजन अशा अर्थाचा मूळचा लॅटिन शब्द, आणि त्याच्या पोटात कॉलेजची तीन अक्षरं मोठ्या लिपीत. समजवावं लागत नाही, डोळ्याला दिसतं. पण हेच नाव मराठी वर्तमानपत्रात छापून येतं तेव्हा काय होतं? ‘ग्रॅव्हिटास’. देवनागरीत मोठी आणि लहान अक्षरं असा भेदच नाही. त्यामुळे पोटातली ती तीन अक्षरं विरघळून जातात आणि कोटी नाहीशी होते. वेल्लोरला याची फिकीर करायचं कारण नाही. पण सांगली, नांदेड किंवा जळगावच्या कॉलेजनं अशी युक्ती करताना विचार करायला हवा. त्यांच्या फेस्टची बातमी मराठी दैनिकाच्या जिल्हा पानावरच येणार असते. रोमन अक्षरांच्या आकारावर उभी असलेली गंमत, शेवटी लावलेला ‘4U’, ‘2K26’ किंवा उलटा फिरवलेला E, यांतलं काहीही देवनागरीत येत नाही आणि स्टेजवरून निवेदकाला बोलूनही दाखवता येत नाही.

भारतीय शब्द घेतला की अडचण दुसऱ्या बाजूनं येते. नाव आपलं असतं, पण इन्स्टाग्रामचं हँडल आणि वेबसाइटचा पत्ता रोमनमध्येच टाइप करावा लागतो. तिरुचिरापल्लीच्या एनआयटीच्या उत्सवाचं नाव Pragyan. मराठी माणूस ‘ज्ञ’चा उच्चार वेगळा करतो, म्हणून त्याच्या हातून Pradnyan लिहिलं जाईल. संस्कृतच्या शिस्तीनं लिहिणारा Prajnan लिहील. म्हणजे एकाच शब्दाची तीन स्पेलिंगं, आणि त्यातल्या एकाच ठिकाणी खरं पान. शिवाय चांद्रयानाच्या रोव्हरचंही नाव तेच असल्यामुळे नुसता शब्द शोधणाऱ्यासमोर चंद्रावरची छायाचित्रंही येणार. मद्रासवाल्यांनी ‘शास्त्र’ लिहिताना Shaastra असा दुहेरी ए ठेवला आहे. त्यामुळे पहिला स्वर दीर्घ वाचला जातो आणि शब्द इतर ‘शास्त्रां’पेक्षा वेगळाही ओळखू येतो. खरगपूरच्या मुलांनी तर ‘क्षितिज’चं KTJ हे तीन अक्षरी रूप केलं आणि तेच सर्रास चालतं. महाराष्ट्रातल्या कॉलेजला ‘ज्ञ’ असलेला शब्द घ्यायचाच असेल तर स्पेलिंग आधी ठरवावं, त्याची इतर रूपंही हँडल म्हणून राखून ठेवावीत आणि मग कागदाला हात घालावा. ‘क्ष’, ‘ऋ’, ‘ळ’ असलेल्या शब्दांनाही हेच लागू.

नाव स्पष्ट आहे की नाही हे तपासायला बैठकीची गरज नसते, फोन पुरतो. चार जणांना फोन करावा. एक दुसऱ्या कॉलेजमधला विद्यार्थी, एक घरातलं वडीलधारं माणूस, एक फ्लेक्सवाला, एक स्थानिक बातमीदार. नाव एकदाच, नेहमीच्या वेगानं सांगावं आणि ‘ऐकलं तसं मेसेजवर लिहून पाठवा’ म्हणावं. चौघांकडून एकच स्पेलिंग आलं तर नाव पक्कं. पुण्याच्या सीओईपीचं ‘माइंडस्पार्क’ या परीक्षेत सहज पार पडेल. दोन छोटे, सगळ्यांच्या ओळखीचे शब्द जोडलेले, ऐकणारा चुकणार कुठे? चार उत्तरांत तीन स्पेलिंगं आली तर मात्र ते नाव कितीही आवडलेलं असो, सोडून द्यावं. आणि ‘बोलताना आम्ही नीट समजावून सांगू’ असं म्हणू नये. पोस्टरजवळ समजावून सांगायला कुणी उभं राहत नाही.

आता थीमकडे वळू. इथे सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्या वर्षाचा गाजता विषय उचलणं. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे क्वांटम विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केलं होतं, क्वांटम यांत्रिकीच्या पायाभरणीला शंभर वर्षं झाली म्हणून. विषय उत्तम. पण एखाद्या कॉलेजनं थीम म्हणून ‘क्वांटम’ घेतलं आणि आत मात्र तीच रोबो रेस, तोच पूल बांधण्याचा प्रकार, तीच कोडिंगची स्पर्धा ठेवली, तर थीम पोस्टरवरच राहते. पोस्टरवर निळा धूर आणि अणूच्या भोवतीची वलयं, हॉलमध्ये त्याचा मागमूस नाही. थीम चुकली हे ओळखायची खूण अगदी साधी आहे. स्पर्धांची यादी समोर ठेवावी, थीमचा शब्द झाकावा आणि विचारावं, या यादीवरून थीम ओळखता येते का? येत नसेल तर ती थीम नाही, नुसतं शीर्षक आहे.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. समजा, सोलापूरकडचं एक इंजिनिअरिंग कॉलेज आहे. फेस्टला नाव आधीपासून आहे, दहा वर्षांचं, चांगलं रुळलेलं. यंदा थीम ठरवायची आहे आणि मुलांचं एकमत झालंय की विषय पाण्याचा घ्यायचा, कारण ते त्या जिल्ह्याचं रोजचं दुखणं आहे. ग्रुपवर नावं येतात. ‘ॲक्वानोव्हा’ कानाला बरं वाटतं, पण बाटलीबंद पाण्याचा नवा ब्रँड असावा असा भास होतो. ‘जलतंत्र’ स्पष्ट आहे, पण सरकारी योजनेसारखं वाटतं, आणि ते वाचून चेहऱ्यावर काही उमटत नाही. ‘H2Go’ वर सगळे हसतात, पण ‘एच टू गो’ असं देवनागरीत लिहिताच हसू मावळतं. ‘थेंबे थेंबे’ सुंदर आहे, आपल्या म्हणीतलं आहे, पण बाहेरच्या राज्यातून येणाऱ्या संघांना ते कळणार नाही, आणि कॉम्प्युटर शाखेची मुलं विचारतात, यात आम्ही काय करायचं?

मग कुणीतरी म्हणतं, ‘रिचार्ज’.

हा शब्द गावागावात आहे. मोबाइलच्या दुकानावर तो लिहिलेला असतो, विजेच्या दुचाकीच्या बॅटरीबद्दल तो बोलला जातो आणि बोअर घेतलेला शेतकरी ‘बोअर रिचार्ज’ सहज म्हणतो. तिन्ही अर्थ खरे आहेत आणि तिन्हींच्या मुळाशी एकच कृती आहे. उपसलेलं परत भरणं. चांगली कोटी अशी असते. दोन अर्थांपैकी एक खरा आणि दुसरा ओढूनताणून आणलेला असेल तर ती कोटी एकदाच हसवते. दोन्ही अर्थ विषयाच्या आतले असतील तर ती दोन-तीन महिने पोस्टरवर राहूनही कंटाळवाणी होत नाही. शिवाय रोमन आणि देवनागरी, दोन्ही लिप्यांत शब्द तोच राहतो.

शब्दावरून स्पर्धा निघतात का, तेही तपासून पाहावं. सिव्हिलला पुनर्भरणाच्या गाळणीची स्पर्धा घेता येईल. प्रत्येक संघाला एक पारदर्शक पिंप, तळाला मोठे दगड, त्यावर खडी, वर वाळू, थरांची जाडी ज्यानं त्यानं ठरवायची. मग सगळ्यांना सारखंच मोजलेलं गढूळ पाणी द्यायचं आणि दोन गोष्टी पाहायच्या, पाणी किती वेळात उतरतं आणि किती स्वच्छ उतरतं. वाळू जास्त घातली तर पाणी नितळ येतं पण वेळ लागतो, कमी घातली तर उलट. ही ओढाताण शेतातल्या विहिरीशेजारीही अशीच असते, म्हणून स्पर्धा खरी वाटते. इलेक्ट्रिकलला सौर पॅनेलवर बॅटरी चार्ज करण्याचं काम, इलेक्ट्रॉनिक्सला पाण्याची पातळी मोजणारा स्वस्त सेन्सर, मेकॅनिकलला पंपाची कार्यक्षमता. कॉम्प्युटरच्या मुलांसाठी तर आयता विषय आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींतल्या पातळीची नियमित नोंद ठेवते, त्या नोंदींवरून पुढच्या उन्हाळ्याचा अंदाज बांधायचा. आता शब्द झाकून यादी वाचा. थीम ओळखू येते.

तरीही ‘रिचार्ज’मध्ये एक धोका आहे आणि तो स्वच्छ मान्य करायला हवा. एसटी स्टँडवर लावलेल्या फ्लेक्सवर हा एकच शब्द मोठा दिसला तर लोक ती मोबाइल कंपनीची ऑफर समजतील. नुसता ‘रिचार्ज’ शोधणाऱ्याला फेस्ट कधीच सापडणार नाही. म्हणजे उत्सवाचं नाव म्हणून हा शब्द निकामी आहे. पण तो नाव नाहीच. वर फेस्टचं जुनं, कायमचं नाव, खाली ‘रिचार्ज’, आणि त्याखाली एक साधी ओळ, ‘पाणी आणि ऊर्जा परत भरण्याचं तंत्रज्ञान’. या तिसऱ्या ओळीत चुकूनही शब्दखेळ करू नये. मुलांना तिथेही यमक जुळवायचा मोह होतो. पण नाव, थीम आणि ओळ या तिघांपैकी एकानंच गंमत करायची असते आणि ती थीमनं करून झालेली आहे. तालुक्याच्या गावातून आलेला पॉलिटेक्निकचा विद्यार्थी ही ओळ वाचून आपल्याला इथे काही करता येईल का हे ठरवणार आहे. त्याच्यासाठी ती सरळ असायला हवी.

लोगोची बाब मला सर्वांत जवळची वाटते, आणि सर्वांत जास्त घाई तिथेच होते.

पहिला आराखडा बहुधा असा येतो: पाण्याचा थेंब, त्यात वीज, भोवती गिअर, खाली उघडं पुस्तक, आणि ‘O’ असलेल्या शब्दात O च्या जागी बल्ब. प्रत्येक शाखेला काहीतरी मिळावं म्हणून सगळं घातलेलं असतं. हेतू प्रेमळ असतो, परिणाम गर्दीचा होतो. गिअरबद्दल तर जपूनच राहावं. एकमेकांत दात अडकवलेले तीन गिअर त्रिकोणात काढलेली चिन्हं आपल्याकडे खूप दिसतात. ते तीन गिअर फिरूच शकत नाहीत. शेजारचे दोन गिअर नेहमी विरुद्ध दिशांना फिरतात, म्हणून पहिला उजवीकडे फिरला तर दुसरा डावीकडे, तिसरा पुन्हा उजवीकडे, आणि तिसरा पहिल्यालाही भिडलेला असल्यानं सगळं जागच्या जागी अडकतं. तंत्रज्ञानाच्या उत्सवाच्या चिन्हात अशी चूक राहिली तर पहिल्या वर्षाचा मेकॅनिकलचा विद्यार्थीही ती दाखवून देईल. चोवीस आऱ्यांचं चक्रही टाळावं. ते अशोकचक्राशी जुळतं, आणि राष्ट्रीय चिन्हांच्या वापरावर कायद्याचं बंधन आहे.

स्वच्छ चिन्ह कसं असतं, याचा उत्तम नमुना आपल्या खिशात आहे. रुपयाचं चिन्ह २०१० साली सरकारनं स्वीकारलं. ते उदय कुमार यांनी रचलेलं. ते तेव्हा मुंबई आयआयटीच्या औद्योगिक रचना केंद्रात संशोधन करत होते. देवनागरीचा ‘र’, त्यातच दांडी नसलेला रोमन R, वर शिरोरेषा आणि तिला समांतर आणखी एक रेघ. कोटी त्यातही आहे, दोन लिप्यांची. पण ती आकारातच भिनलेली असल्यानं समजावून सांगायची वेळ येत नाही. भाजीवाला बॉलपेननं ते पाटीवर काढतो आणि संगणकाच्या पडद्यावर बारीक अक्षरातही ते वाचता येतं. चिन्ह पेननं, न पाहता, चार-पाच फटकाऱ्यांत काढता आलं पाहिजे, ही कसोटी मी सगळ्यांत आधी लावीन.

‘रिचार्ज’ला ती लावू. गिअर, पुस्तक आणि बल्ब काढून टाकले. थेंब उरला आणि वीज उरली. वीजही काढली, कारण लाल किंवा पिवळ्या रंगात ती रोहित्रावरच्या ‘धोका’ पाटीसारखी दिसते. तिच्या जागी थेंबाच्या आतच बॅटरीच्या चार्जिंगच्या आडव्या पट्ट्या घेतल्या. आता थेंब पाण्याचा, पट्ट्या बॅटरीच्या, आणि थेंब अर्धा भरलेला. आधी चार पट्ट्या होत्या. चिन्ह मोबाइलवरच्या प्रोफाइलच्या छोट्या गोलात बसवून पाहिलं तर चारही पट्ट्या एकत्र होऊन राखाडी डाग झाला. तीन केल्या, ब्राउझरच्या टॅबवरच्या सोळा बाय सोळा पिक्सेलच्या चौकोनात पुन्हा तेच. दोन जाड पट्ट्या ठेवल्या, मधली मोकळी जागा पट्टीएवढीच ठेवली, आणि चिन्ह उभं राहिलं. रंग ठरवतानाही बघावं लागतं. लाल थेंब म्हणजे रक्तदान शिबिर, याबद्दल गावात कुणाच्या मनात शंका नसते. आणि थेंब उलटा झाला की तो नकाशातली ठिकाणाची खूण होतो, तेव्हा सजावट करताना तो फिरवायचा नाही, हे डिझाइन टीमला लिहूनच द्यावं.

त्यानंतर झेरॉक्सची परीक्षा. चिन्ह काळ्या रंगात छापावं, त्याची झेरॉक्स काढावी आणि त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स. फेस्टचे कागद असेच फिरतात. पोलीस ठाण्याकडे परवानगीचा अर्ज, इतर कॉलेजांना पत्र, पावत्या. रंगांच्या छटांवर बेतलेलं चिन्ह दुसऱ्या झेरॉक्सला चिखल होतं. टी-शर्टचंही तेच. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, म्हणून रंग वाढला की खर्च वाढतो, आणि एका रंगातून दुसऱ्यात विरत जाणारी छटा ठिपक्यांत फोडावी लागते, ती कापडावर खरखरीत दिसते. एक रंग असला तर यातलं काहीच आड येत नाही.

एवढं जमलं तरी सगळं बिघडायची शेवटची जागा म्हणजे फ्लेक्सवाल्याचा संगणक. इथे मी जरा थांबून सांगतो, कारण हे कुणी शिकवत नाही. मुलं डिझाइन मोबाइलवर किंवा ऑनलाइन साधनात करतात, युनिकोड देवनागरीत. अनेक फ्लेक्सवाल्यांकडे कोरल ड्रॉ असतं, बऱ्याचदा जुनं, आणि त्यांचे फॉन्ट श्रीलिपीचे असतात. युनिकोडमधला मजकूर तिथे उघडला की जोडाक्षरं विस्कटतात. आणि ‘रिचार्ज’ या शब्दात नेमके दोन नाजूक सांधे आहेत. पहिली वेलांटी ‘र’च्या आधी दिसायला हवी, ती सरकून ‘र’ आणि ‘च’च्या मध्ये जाते आणि ‘चि’सारखं काहीतरी वाचलं जातं. रफार ‘ज’च्या डोक्यावर बसायला हवा, त्याऐवजी ‘र’चा पाय मोडून तो सुटा पडतो. रात्री अकरा वाजता वीस फुटी फ्लेक्स निघतो आणि सकाळी कमानीवर चढल्यावर चूक दिसते.

उपाय अवघड नाही. शब्दाची अक्षरं अक्षरं म्हणून पाठवायचीच नाहीत. चिन्ह आणि थीमचा शब्द दोन्ही ‘कर्व्ह्‌ज’मध्ये, म्हणजे नुसत्या आकाररेषांमध्ये बदलून घ्यायचे आणि व्हेक्टर पीडीएफ किंवा SVG फाइल द्यायची. मग फॉन्ट असो नसो, आकार तोच राहतो आणि वीस फुटांवर नेला तरी कडा फाटत नाहीत. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र मात्र दाबून लहान होतं, त्याचा फ्लेक्स काढला की कडांना पायऱ्या पडतात. पाठवायचंच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावं. रंगाचंही असंच. पडद्यावरचा चमकता निळा प्रकाशाचा असतो, छपाईचा शाईचा. शाईत तो मंद आणि थोडा जांभळट होतो. म्हणून आधी हातभर तुकडा छापून उन्हात धरून पाहावा, मग मोठी ऑर्डर द्यावी. फॉन्टचा परवानाही तपासावा. ‘वैयक्तिक वापरासाठी मोफत’ असं लिहिलेला फॉन्ट प्रायोजक असलेल्या उत्सवाला चालत नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, त्यांत देवनागरी आणि रोमन एकाच हातानं रचलेली असल्यामुळे दोन लिप्या शेजारी ठेवल्या तरी एक जाड, एक बारीक असं दिसत नाही.

साल कुठे लिहायचं, यावरही वाद होतात. कायमच्या नावाच्या चिन्हात साल कधीच गुंफू नये. ते थीमच्या चिन्हाशेजारी, सुटं ठेवावं. मग उरलेली पदकं, स्टँडी आणि लेटरहेड पुढच्या वर्षी वापरता येतात. हँडलचंही तसंच. दरवर्षी थीमच्या नावानं नवं इन्स्टाग्राम खातं उघडलं तर गेल्या वर्षीचे सगळे अनुयायी तिथेच मागे राहतात. खातं एकच, कायमच्या नावाचं, वर्षाची थीम फक्त पोस्टमध्ये आणि परिचयाच्या ओळीत.

वेबसाइटसाठी वेगळा पत्ता विकत घेण्यापेक्षा कॉलेजच्या स्वतःच्या पत्त्याखालीच `fest.` असं जोडून जागा मागून घ्यावी. विद्यार्थ्याच्या नावानं घेतलेला पत्ता तो पास होऊन गेला की नूतनीकरणावाचून सुटतो, दुसरं कुणी तो उचलतं, आणि जुन्या प्रमाणपत्रांवरचा क्यूआर कोड स्कॅन करणाऱ्याला भलतीच साइट उघडून मिळते. `.ac.in` चा पत्ता फक्त शिक्षणसंस्थांनाच मिळतो, त्यामुळे ही भीती राहत नाही. हँडलला जोडलेला ईमेलही कॉलेजचाच असावा आणि पासवर्ड स्टाफ कोऑर्डिनेटरकडे असावा. फेस्ट संपल्यावर पुढच्या कोअर कमिटीला द्यायच्या फोल्डरमध्ये कायमच्या चिन्हाची व्हेक्टर फाइल, एकरंगी प्रत, ठरलेलं स्पेलिंग आणि रंगांचे छपाईचे आकडे असावेत. थीमची चिन्हं वर्षवार वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावीत.